क्रॉफर्ड मार्केटची जमीन आणि वचनाचे बंधन

१८६५ साली मुंबई सरकारने नगरपालिकेस जुने बाजार काही जागांवरून हलविण्यास सांगितले आणि नव्या बाजारासाठी दुसरी जागा देऊ केली. सरकारी ठरावात या जागेस भाडे आकारले जाणार नाही, असे स्पष्ट म्हटले होते. नगरपालिकेने जुन्या जागा सोडल्या, नव्या जागेवर सुमारे सतरा लक्ष रुपये खर्चिले व क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. मात्र कायद्यास अपेक्षित असा रीतसर दस्तऐवज कधीच झाला नाही. १९४० साली कलेक्टरांनी त्या जमिनीवर सारा बसविला: प्रारंभी वार्षिक साडेसात हजार, पुढे पन्नास वर्षांत तीस हजारांपर्यंत.

१९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल नगरपालिकेच्या बाजूने दिला. निकाल योग्यच आहे. परंतु त्याचे समर्थन ज्या पायावर केले गेले, तो परीक्षणीय आहे. न्या. दास यांच्या मते दान रीतसर नसल्याने निष्फळ होते. म्हणून नगरपालिकेचा ताबा सरकारविरुद्ध ठरला, आणि साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्याने जमीन बिनसाऱ्याने धारण करण्याचा हक्क परिपक्व झाला.

या तर्काची उणीव सहज दाखविता येते. सरकारने हीच मागणी १८७५ साली केली असती तर? तेव्हा मुदत पुरी झाली नसती व नगरपालिका हरली असती. वास्तविक पैसा तेव्हाही खर्च झालेला होता आणि वचनभंग तितकाच अन्याय्य ठरला असता. शिवाय सरकारच्याच विनंतीवरून आलेल्यास प्रतिकूल ताबेदार म्हणणे वस्तुस्थितीशी विसंगत आहे.

न्या. चंद्रशेखर अय्यर यांनी वेगळ्या निकालपत्रात या प्रश्नाच्या मर्माला हात घातला. स्पष्ट आश्वासन दिले गेले, त्यावर विसंबून दुसऱ्याने आपली स्थिती बदलली. आता दस्तऐवजाच्या उणिवेचा लाभ वचन देणाऱ्यास घेऊ देणे सद्भावनेस धरून नाही. यास एस्टॉपेल म्हणावे की समन्याय, हा त्यांच्या लेखी गौण प्रश्न होता. येथे बंधन काळाच्या ओघातून नव्हे, तर विश्वासातून निर्माण होते; ते पहिली वीट बसते त्याच दिवसापासून लागू होते.

हाच दृष्टिकोण पुढे टिकला. १९६८ च्या इंडो-अफगाण एजन्सीज खटल्यात न्यायालयाने त्याचा आधार घेतला आणि १९७९ च्या मोतीलाल पदमपत खटल्यात त्याचा विस्तार केला. तथापि त्यास मर्यादाही आहेत. वचन संदिग्ध असेल तर हे तत्त्व उपयोगी पडत नाही. कायद्याने निषिद्ध केलेली गोष्ट वचनाने साध्य होत नाही. आणि प्रबळ लोकहित सिद्ध केल्यास सरकारास माघार घेता येते. परंतु ते सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहतो. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रकरणी सरकारपाशी असे कारण नव्हते. जमिनीचे मोल वाढले होते, एवढेच.