हुकूम सापडतो, पुढचे कागद कुठे शोधायचे?

करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत भरल्या जाणाऱ्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना देण्याचा राजर्षी शाहू महाराजांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा आहे. तो शोधायला आज कुणाला फारसे कष्ट पडत नाहीत. तारीख ठाऊक असते, विषय ठाऊक असतो, तो संस्थानच्या गॅझेटात आला हेही ठाऊक असते. मजकूर समोर आला की ‘हाच तो’ हे पाहताक्षणी कळते आणि शोध तिथेच थांबतो. नाही मिळाला तर चूक शब्दाच्या लेखनात किंवा कपाटाच्या क्रमांकात असते, प्रश्नात नसते.

आता दुसरा प्रश्न घ्या. त्या हुकुमाने संस्थानच्या कचेऱ्यांत प्रत्यक्ष काय बदलले? याचे उत्तर एका कागदावर लिहिलेले नाही. कोणता कागद उत्तर ठरेल, हेही शोधाला बसताना माहीत नसते. ग्रंथालयशास्त्रात या दोन कामांत फरक करतात. पहिला ठाऊक वस्तूचा शोध, दुसरा चाचपणीचा. गॅरी मार्कियोनिनी या अमेरिकी अभ्यासकाने २००६ साली चाचपणीच्या शोधावर लिहिताना तो शिकण्याशी आणि तपास करण्याशी जोडला. माझी तक्रार आपल्याकडच्या संशोधनपर लेखनाबद्दल आहे. त्यात दुसऱ्या जातीचे प्रश्न पहिल्या जातीच्या रीतीने सोडवलेले दिसतात. खोक्यात दोन शब्द टाकायचे, वर आलेले चार लेख वाचायचे आणि ‘हुकुमाने क्रांती झाली’ किंवा ‘हुकूम कागदावरच राहिला’ असा निकाल द्यायचा. दोन्ही निकाल एकाच आळसातून येतात.

‘शाहू महाराज आरक्षण’ असे शोधले की काय होते ते पाहा. जयंतीची भाषणे, गौरवलेख, पाठ्यपुस्तकांतले उतारे यांचा ढीग येतो. याचे कारण साधे आहे. ‘आरक्षण’ हा आजच्या वापरातला शब्द आहे. त्यामुळे तो शब्द हाती धरला की तो वापरणारे आजचे लेखकच गोळा होतात. १९०२ चा कारकून त्यात येत नाही. त्यात जुन्या छपाईचे अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मजकुरात ‘नांव’, ‘कांहीं’ असे लिहिलेले असते, आणि आजच्या लेखनाने शोधणाऱ्या यंत्राच्या हातून असली पाने सहज निसटतात. पण शब्दाची दुरुस्ती ही वरवरची दुरुस्ती. खरा बदल प्रश्नात व्हावा लागतो, आणि तो करायला हुकूमच पुन्हा वाचावा लागतो, या वेळी पुरावा म्हणून नव्हे तर वाटाड्या म्हणून.

हुकूम लहान आहे. त्यातल्या तीन गोष्टी शोधाची दिशा बदलतात. एक, निम्मा वाटा एकूण नोकरांत नव्हे, हुकूम मिळाल्यापासून भरल्या जाणाऱ्या रिकाम्या जागांत आहे. ज्या कचेरीत मागासलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातल्याच माणसाची करायची. दोन, मागासलेले म्हणजे कोण हे वगळून सांगितले आहे: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे. आजची कुठलीही यादी तिथे लावून चालत नाही. तीन, सर्व खातेप्रमुखांनी या हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचे दर तिमाहीचे तक्ते पाठवायचे आहेत. ही तिसरी गोष्ट वाचून बहुतेक लेखक पुढे जातात. मला ती सगळ्यांत मोलाची वाटते.

आता या विषयावर नेहमी दिले जाणारे आकडे घ्या. १८९४ साली सर्वसाधारण कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. १९१२ साली ९५ पैकी ३५ उरल्या. फरक डोळ्यांत भरणारा आहे आणि बहुतेकांचा शोध इथे थांबतो. पण हे आकडे हुकुमाच्या मापाचे नाहीत. हुकूम १९०२ चा, मोजणी १८९४ पासूनची. हुकुमाआधीच्या आठ वर्षांतला बदल आणि नंतरचा बदल त्यात वेगळा होत नाही. शिवाय मोजणी ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर अशी आहे. हुकुमाची रेघ दुसरीकडून जाते. प्रभू, शेणवी किंवा पारशी अधिकारी या मोजणीत ब्राह्मणेतरांत जाऊ शकतो, पण हुकुमाच्या लेखी तो मागासलेला नव्हे. आणि मोजल्या आहेत असलेल्या जागा, नव्याने भरलेल्या नव्हेत. म्हणजे आकडे खोटे नाहीत, पण ते आपण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतात.

इथे प्रश्न तिसऱ्यांदा बदलतो: १९०२ नंतर कोणत्या खात्यात, कोणत्या जागेवर, कोणत्या जातीचा माणूस नेमला गेला?

मार्शा बेट्स या अभ्यासिकेने १९८९ साली अशा शोधाला रानात बोरीसारखी फळे वेचण्याची उपमा दिली. पन्हाळ्याच्या बाजूला करवंदे काढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. एका जाळीत मूठभर मिळतात, तिथूनच पुढची जाळी दिसते. बेट्स यांचा मुद्दा असा की वाटेत फळांबरोबर आपल्याला काय हवे आहे तेही बदलत जाते. आपली सूचिपत्रे आणि शोधखोकी मात्र धरून चालतात की माणूस एकदाच, पूर्ण प्रश्न घेऊन येतो. मला हे त्यांचे मोठे वैगुण्य वाटते. काल मी कोणते शब्द वापरले, कोणते सोडले, याची नोंद यंत्र मला वाचता येईल अशी ठेवत नाही. ती वहीत ठेवावी लागते. (माझ्या वहीत डावे पान प्रश्नाचे असते आणि उजवे मिळाले त्याचे. डावे पान जास्त खोडलेले असते.)

पुराभिलेखागारात तर विषयाने मागणी करून भागतच नाही. तिथले रुमाल विषयांचे नव्हेत, ज्या कचेरीत ते कागद जमले त्या कचेरीचे. ‘नोकऱ्यांतील मागासलेले वर्ग’ असा रुमाल मागितला तर ‘नाही’ हे उत्तर खरेच असते. म्हणून ‘हे कशाबद्दल आहे’ हा प्रश्न सोडून ‘हा कागद कुणाला लिहावाच लागला असता आणि तो कुणाकडे गेला असता’ हे विचारावे लागते. त्याचे उत्तर हुकुमातच आहे: खातेप्रमुखांनी लिहिलेला, वर पाठवलेला तिमाही तक्ता. आता आपल्याकडे कागदाचा प्रकार आहे, लिहिणारा आहे, काळ आहे. चाचपणी फिरून ठाऊक वस्तूच्या शोधावर आली, फक्त ही वस्तू आपण पूर्वी पाहिलेली नाही, ती असायला हवी हे तर्काने काढले आहे.

तक्ता मिळाला नाही तर? तेव्हा तीन शक्यता उरतात: तो पाठवलाच नाही; पाठवला पण जपला गेला नाही; किंवा तो दुसऱ्याच बंडलात आहे. ‘हुकूम कागदावरच राहिला’ म्हणणारा या तिन्ही एकच समजतो. त्या वेगळ्या करता येतात. पाठवला असेल तर खात्याच्या जावक नोंदीत आणि वरच्या कचेरीच्या आवक नोंदीत त्याची ओळ असायला हवी. पाठवला नसेल आणि वर कुणाला त्याची फिकीर असेल, तर स्मरणपत्र गेलेले असणार. नोंदवह्या शाबूत आहेत, पण त्यांत ना तक्ता ना स्मरणपत्र असे दिसले, तर तेवढ्या खात्यापुरता आणि तेवढ्या वर्षांपुरता अंमल ढिला होता असे म्हणायला आधार मिळतो. नोंदवह्याच नसतील तर काहीच म्हणता येत नाही.