फक्त केमिस्टला कळतं

डॉक्टरने प्रेयसीला पत्र लिहिलं, तिला एक अक्षर लागेना, म्हणून ती ते केमिस्टकडे वाचून घ्यायला गेली. हा विनोद मराठीत आहे, बंगालीत आहे, आणि बालीगंजमधल्या अड्ड्यावर तो कुणी सांगितला तर शेवट माहीत असूनही माणसं हसतात. खराब अक्षराला बंगाली माणूस कावळ्याची तंगडी, बगळ्याची तंगडी म्हणतो. आपण कुत्र्याचे पाय मांजराला लावतो. दोन्ही भाषांना पायच का सुचावेत, कोण जाणे.

याच विनोदाचं दुसरं रूप मला अधिक चांगलं वाटतं. डॉक्टरला जेवायचं आमंत्रण जातं, त्याचं चिठ्ठीतून उत्तर येतं. येणार की नाही, ते वाचता येईना, म्हणून यजमान चिठ्ठी केमिस्टला दाखवतो. केमिस्ट आत जातो, बाटली आणून ठेवतो आणि पैसे सांगतो. पहिल्या विनोदात केमिस्ट सर्वज्ञ आहे. दुसऱ्यात तो वाचत नाही, ओळखतो. कागद समोर आला की त्याला औषधच दिसतं. अतिशयोक्ती दोन्हीकडे आहे, पण दुसरी वस्तुस्थितीला फार जवळची आहे.

कोलकात्यात हे नीट समजतं. इथे औषधाच्या दुकानातच, मागच्या किंवा बाजूच्या खोलीत डॉक्टरांचं ‘चेंबार’ असतं. संध्याकाळी डॉक्टर येतात, बाकावर माणसं बसतात आणि चिठ्ठी दहा पावलांवरच्या काउंटरवर पोचते. काउंटरमागच्या माणसाला हा डॉक्टर नेहमी कोणती औषधं लिहितो ते पाठ असतं. पहिलं अक्षर, शब्दाची लांबी, पुढे मिलिग्रॅमचा आकडा, दिवसातून किती वेळा, एवढं मिळालं की नाव पुरं होतं. मोडी वाचणाराही सगळं अक्षर लावून वाचत नाही, मजकूर काय असणार हे त्याला ठाऊक असतं. पण तीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या पेठेत जा, तिथला केमिस्ट चष्मा वर करून विचारतो, कुणाची आहे?

मग विनोद ओळखीचा का वाटतो? कारण चिठ्ठी आपल्या हातात असते, पण ती आपल्याला लिहिलेली नसते. डोक्यावरचं ‘आर-एक्स’ हे चिन्ह ‘घे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलं, आणि ही आज्ञा औषध बनवणाऱ्याला होती. अमुक घे, तमुक घे, मिसळ. रोगी निरोप्या. स्वतःच्या शरीराबद्दलचा मजकूर न कळता वाहून नेण्याचं जे अवघडलेपण आहे, ते प्रेयसीच्या गोष्टीत हसण्यावारी जातं.

निरोप्याच्या हातातली चिठ्ठी चुकीची वाचली गेली तर काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, ही आख्यायिका आपल्याकडे वाक्प्रचार होऊन बसली. तिथला बदल कुणीतरी मुद्दाम केलेला होता. औषधाच्या दुकानात ‘ध’चा ‘मा’ कुणी न करता होतो. इंग्लंडमधल्या एका खटल्यात, ज्याचा अपिलाचा निकाल १९८९ मध्ये लागला, डॉक्टरने छातीच्या संसर्गासाठी ॲमॉक्सिल हे प्रतिजैविक लिहिलं होतं. केमिस्टने वाचलं डेओनिल, म्हणजे मधुमेहाची गोळी. रोग्याला मधुमेह नव्हता. रक्तातली साखर कोसळली आणि मेंदूला कायमची इजा झाली.

या प्रकरणात मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हे, की अक्षर जरी फसवं होतं तरी आकडे खरं बोलत होते. चिठ्ठीत २५० मिलिग्रॅम होतं, दिवसातून तीनदा, सात दिवस. डेओनिलची गोळी ५ मिलिग्रॅमची. शिवाय रोग्याने औषधाचे पैसे भरले, आणि तिथे मधुमेहींना ते भरावे लागत नसत. म्हणून न्यायालयाने पंचाहत्तर टक्के जबाबदारी केमिस्टवर टाकली. पण पंचवीस टक्के डॉक्टरवर ठेवलीच, कारण सुरुवात त्याच्या अक्षरापासून झाली. आमंत्रणाच्या विनोदातला बाटली आणणारा केमिस्ट इथे प्रत्यक्ष भेटतो.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, असा नियम केला. चिठ्ठ्या आता छापूनही येतात. विनोद मात्र टिकून आहे, आणि त्याचा सगळा रोख अजून डॉक्टरच्या हातावर. त्यात एक वाक्य कुणीच घातलेलं नाही. चांगला केमिस्ट, बालीगंजचा असो वा दादरचा, नाव लागलं तरी पाकीट काउंटरवर ठेवून त्यावरचा हात लगेच काढत नाही. आधी विचारतो, “की होयेछे?” काय झालंय?