मेदकाची एक ओळ

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे, दुसऱ्या अधिकरणातलं पंचविसावं. कुणाला किती विकावं, गुत्त्यात काय सोय असावी असा सगळा सरकारी हिशेब. त्यातच मेदक नावाच्या पेयाची कृती एका ओळीत उरकली आहे: पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व तीन प्रस्थ. संपली कृती. ना चवीबद्दल शब्द, ना नशेबद्दल. तरी मला ती ओळ फार आवडते, कारण तिच्यातली मापं नीट वाचली की पेयाचा स्वभाव कळतो.

द्रोण म्हणजे चार आढक, आढक म्हणजे चार प्रस्थ. म्हणजे प्रस्थाच्या जागी घरातली वाटी धरली तर १६ वाट्या पाण्याला तांदूळ फक्त २ वाट्या. आणि किण्व ३ वाट्या, तांदळापेक्षाही जास्त! विरजणच दुधाहून जास्त, असा हा प्रकार.

यातली मेख धान्याच्या स्वभावात आहे. द्राक्षात किंवा ताडाच्या रसात साखर तयार असते, यीस्टला लगेच खाता येते. धान्यात असतो तो स्टार्च, आणि यीस्टला तो पचत नाही. आधी कुणीतरी तो तोडून साखर करायला हवी. बार्लीला मोड आणून ते काम साधतं; आपण मोड आणून, वाळवून नाचणीचं सत्त्व करतो, त्याची गोडीही काही अंशी तिथूनच येते. दुसरी वाट बुरशीची. कौटिल्याचं किण्व म्हणजे उडदाचा लगदा, त्याच्या सव्वापटीहून थोडा जास्त तांदूळ आणि मोरटा वगैरे वनस्पती एकेक कर्ष. वनस्पती वगळल्या तर हे इडलीच्या पिठाचं भावंडच. त्यात तोडणारे आणि आंबवणारे दोन्ही जीव एकत्र नांदत असणार. शाळेत आपण शिकलो त्या ‘किण्वन’ शब्दात हेच किण्व आहे.

ही पद्धत जिवंत पाहायची तर सिक्कीमला जावं. तिथे कोदो म्हणतात ते धान्य म्हणजे आपली नाचणी. ती शिजवून, पाणी निथळून पसरतात. कोमट झाली की मर्चा नावाच्या वाळक्या वड्यांची पूड भुरभुरतात. गरम असताना टाकली तर मर्चातले जीव मरतात आणि मग नाचणी नुसती नासते. दोन-एक दिवस टोपलीत झाकून ठेवली की गोडसर, फळासारखा वास सुटतो. मग मडक्यात घट्ट दाबून आठवडाभर मुरवतात. काळी-हिरवी बुरशी किंवा कुजका वास आला तर सगळी नाचणी फेकून द्यायची. गंगटोकला मी तोंगबा प्यायलो तो असा: लाकडी पेल्यात आंबलेली नाचणी भरलेली, वरून कढत पाणी, आणि बांबूच्या नळीने ओढायचं. पेला रिकामा झाला की पुन्हा पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला चव उतरत जाते. आंबट, किंचित गोड, पोटात ऊब. डोकं मात्र जाग्यावर.

आता मेदकाचा हिशेब. २०० मिलिलिटरची वाटी धरली तर दोन वाट्या तांदूळ साधारण ३४० ग्रॅम, त्यात स्टार्च २६५ ग्रॅमच्या आसपास. त्यातला कणन् कण साखर झाला आणि साखरेचा कणन् कण मद्य झाला, तरी सव्वातीन लिटर पाण्यात मद्याचं प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपासच राहतं. किण्वातल्या पिठाची भर धरली तरी दहाच्या आत. आणि कणन् कण कधीच साधत नाही. बुरशी सावकाश काम करते, काही साखर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू पळवतात, आणि लोकही पेय फार दिवस राहू देत नाहीत, कारण उघडं राहिलं की मद्याचा सिरका होतो. शिवाय या कृतीत ऊर्ध्वपातन नाही, म्हणजे मद्य पाण्यापासून वेगळं काढायची सोयच नाही. तोंगब्याचंही तेच, फक्त तिथे पाणी शेवटी येतं.

मेदक करून पाहायचा मोह मला झाला होता, पण घरी मद्य आंबवणं महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. मग वाशीच्या बाजारातून नाचणी आणली आणि नेरुळच्या ओट्यावर आंबीलच केली. पीठ रात्री ताकात कालवलं, सकाळी फेस आला होता. चव आंबट, नशेचं नाव नाही: इथे स्टार्च तोडणारी बुरशी घातलेलीच नव्हती, जिवाणूंना जी थोडी साखर मिळाली तिचं त्यांनी आम्ल केलं. मग पाणी, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालून उकळलं, तेव्हा तेही थांबले.

कौटिल्याने ओळीची सुरुवात पाण्याने केली आहे, तांदळाने नाही. द्रोणभर पाण्यात दोन प्रस्थ तांदूळ, यातून कडक काही निघणारच नव्हतं.