मंगळावरचं ‘क्रमशः’

हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्यानं वाचणाऱ्यांना पुढच्या अंकाची वाट पाहणं ठाऊक होतं. तीच वाट अँडी वीअर यांनी 2009 पासून ‘द मार्शियन’च्या वाचकांना पाहायला लावली. व्यवसायानं प्रोग्रामर असलेला हा लेखक आपल्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण टाकत गेला, तेही काही आठवड्यांच्या अंतरानं. आज पुस्तक सलग वाचतानाही ही हप्त्यांची वीण जागोजाग दिसते, आणि तिची कारागिरी पाहण्यासारखी आहे.

पहिली करामत निवेदनाची. मंगळावर एकटा अडकलेला मार्क वॉटनी रोजनिशी लिहितो. म्हणजे नोंद आहे तेव्हा तो जिवंत आहे, हे वाचकाला आधीच कळलेलं. ‘नायक वाचेल का?’ हा हप्त्याच्या शेवटाचा हुकमी प्रश्न लेखकानं जवळजवळ आपणहून सोडून दिला. त्याच्या जागी आला ‘हे आता जमणार कसं?’ हा प्रश्न. सहा जणांना पन्नास दिवस पुरेल एवढं अन्न शिल्लक आहे. एकट्याला ते तीनशे दिवस पुरेल, काटकसर केली तर चारशे. पुढची मोहीम मात्र चार वर्षांनी येणार. वाचक हप्त्यांच्या मधल्या काळात भीत बसत नाही, गणित करत बसतो. उत्कंठा बुद्धीच्या हाती सोपवण्याचा हा डाव फार देखणा आहे.

दुसरी करामत उजळणीची. दोन प्रकरणांत आठवडे गेले की वाचक तपशील विसरतो, आणि मागील गोष्टीचा सारांश कथेच्या तोंडी घातला की रंग जातो. वॉटनी मात्र पुनःपुन्हा साठा मोजतो: बटाटे किती, पाणी किती, प्राणवायू किती. अडकलेल्या माणसानं ते मोजणं स्वाभाविकच, आणि त्या मोजणीतून विसरलेल्या वाचकाला सगळं परत मिळतं. सारांश इतक्या सफाईनं कथेत मुरवलेला क्वचित सापडतो.

तिसरी आणि सर्वांत बारीक गोष्ट म्हणजे संकटांची साखळी. बटाट्यांना पाणी हवं, म्हणून वॉटनी हायड्राझिनपासून हायड्रोजन काढून जाळायचं ठरवतो. पण न जळलेला हायड्रोजन निवाऱ्याच्या हवेत साठत जातो. तो आटोक्यात आणायला वॉटनी हवेतला प्राणवायू कमी करतो आणि स्वतः मास्क लावतो. तरीही स्फोट होतोच. श्वास सोडताना बाहेर पडणाऱ्या हवेतही प्राणवायू उरतो, हे तो हिशेबात धरायला विसरलेला असतो. प्रत्येक उपायाच्या पोटात पुढची अडचण असते, त्यामुळे लेखकाला आकाशातून संकट पाडावं लागत नाही. उत्सुकता ताणण्यासाठी योगायोग वापरला की हप्तेवारीच्या वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. इथे वाटतं, ‘अरे, हे आपल्याही लक्षात यायला हवं होतं!’ हा पश्चात्तापी आनंद या कादंबरीची खास चव आहे.

आणि मग, नेमक्या जागी, वीअर स्वतःचाच नियम मोडतात. रोजनिशी थांबते आणि निवेदक निवाऱ्याच्या कापडाच्या एका तुकड्याची जन्मकथा सांगू लागतो. तो कसा तयार झाला, वादळात त्यावर ताण कुठे आला, आणि वॉटनी तोच एअरलॉक पुनःपुन्हा वापरत गेल्यानं तो कसा झिजला. हे वॉटनीला ठाऊक नाही, आपल्याला आहे. कापड फाटतं त्याआधीच आपला श्वास अडकलेला असतो. इतका वेळ राखून ठेवलेलं निवेदनाचं हे स्थित्यंतर पाहिलं की संयम हीच लेखकाची खरी पुंजी असल्याचं पटतं.

हप्त्यांचा आणखी एक लाभ कादंबरीच्या अंगात मुरला. विज्ञान जाणणारे वाचक प्रकरण वाचून चुका कळवत, वीअर त्या सुधारत. छापील पुस्तकाच्या आधीच मजकूर तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला होता.

वाचकांच्या मागणीवरून वीअर यांनी किंडल आवृत्ती 99 सेंट या तिथल्या किमान किमतीला काढली. पुढे क्राऊन प्रकाशनानं 2014 मध्ये छापील पुस्तक आणलं. इथली एक दुरुस्ती आवर्जून पाहावी. मूळ रूपात शेवटी पृथ्वीवर परतलेल्या वॉटनीची एका मुलाशी गाठ पडते आणि त्याच्या प्रश्नाला वॉटनी एक शिवराळ उत्तर देतो. हप्त्यांनी सोबत आलेल्या वाचकाला निरोपाचा हा हशा शोभून दिसतो. पण सलग वाचणाऱ्याला त्याआधीच पूर्णत्व हवं असतं, म्हणून छापील आवृत्ती यानातल्या नोंदीवर थांबते. वॉटनी सुटलेला आहे, आणि एका माणसासाठी एवढ्या जणांनी का धडपड केली याचा तो विचार करतो आहे. प्रकरणाचा शेवट पुढचं पान मागतो, पुस्तकाच्या शेवटाला ते मागता येत नाही. हा फरक ओळखून लोकांना आवडलेला हशा बाजूला ठेवण्याची हिंमत दाखवली, म्हणून हप्त्यांची ही गोष्ट पुस्तक म्हणूनही भरीव उभी राहते.