सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे वैषम्य : मराठीतील अर्ध्या ‘ऱ’चा प्रश्न

देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये आला, त्यावर प्रसामान्यीकरणाचा संस्कार झाला, की दिसायला एक असलेले शब्द शोधातही एकच ठरतात, अशी समजूत शब्दसूची सिद्ध करणाऱ्या अभ्यासकांत रूढ आहे. प्रस्तुत टिपणात या समजुतीची परीक्षा करावयाची आहे. नुक्त्याच्या बाबतीत ती बहुतांशी खरी ठरते. मराठीच्या अर्ध्या ‘ऱ’च्या बाबतीत मात्र ती टिकत नाही.

प्रथम नुक्ता घेऊ. परभणीचा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे तेथील महसुली कागदांत ‘फसली’ सन आढळतो. मूळ उच्चार दाखविण्यासाठी संपादकाने ‘फ़सली’ असे लिहिले, तर त्यातील ‘फ़’ हा एकसंध U+095E असू शकतो, किंवा U+092B या ‘फ’पुढे U+093C हा नुक्ता जोडलेला असू शकतो. युनिकोडने ही दोन रूपे तत्त्वतः समान मानली आहेत. एनएफसी या संस्कारात दोहोंचे दुसरे, म्हणजे सुटे, रूप होते व भेद मिटतो. नुक्ताविरहित ‘फसली’ मात्र वेगळाच राहतो. पण तो लेखनपद्धतीचा भेद आहे, संकेतनाचा नव्हे. त्याचा निर्णय संपादकानेच करावयाचा असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावाची बोली दोघा अभ्यासकांनी दोन निरनिराळ्या कळफलकांवर टिपली, अशी कल्पना करू. दोघांनीही ‘आचाऱ्यांना’ हा शब्द लिहिला. कागदावर दोन्ही शब्द अक्षरशः सारखे. सूचीत मात्र त्यांच्या दोन नोंदी होतात आणि वारंवारता विभागली जाते. शब्दातील ‘ऱ्य’ एवढाच भाग उकलून पाहिला, तर पुढील तीन शक्यता दिसतात.

```
क : 0931 094D 092F
ख : 0930 093C 094D 092F
ग : 0930 094D 200D 092F
```

पहिल्यात स्वतंत्र ‘ऱ’ आहे, दुसऱ्यात ‘र’ आणि नुक्ता. तिसऱ्यात ‘र’, हलन्त आणि अदृश्य असा शून्यरुंदीचा योजक. एनएफसीनंतर ‘ख’चे ‘क’ होते. ‘ग’ मात्र आहे तसाच राहतो.

याचे कारण इतिहासात आहे. अर्धा ‘र’ ‘ऱ’पासून साधावा, ही पद्धती 1991 च्या भारतीय मानकाची, म्हणजे इस्कीची. योजकाची पद्धती युनिकोडच्या 2.0 या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवण्यात आली. मानकाने दोन्ही मान्य केल्या. परंतु त्यांच्यात समानता प्रस्थापित केली नाही. हा दोष टंकलेखकाचा नव्हे, मानकाचाच मानावा लागतो.

येथे एक सोपा उपाय सुचतो : योजक दिसत नाही, तेव्हा तो सरसकट काढून टाकावा. एनएफकेसी-केसफोल्ड नावाचा संस्कार नेमके हेच करतो. परंतु ‘ग’मधून योजक वगळला, की उरते `0930 094D 092F`, आणि याचे दृश्यरूप रफारयुक्त ‘र्य’ आहे. अर्थात ‘आचाऱ्यांना’ जेवणाचे पैसे दिले, या वाक्यातील स्वयंपाकी ‘आचार्यांना’ होऊन गुरुपदी बसतो. डोंगरातील ‘दऱ्या’ एकदम सागरवाचक ‘दर्या’ होतात. मूळ दोष दुहेरी नोंदीचा होता. या उपायाने दोन भिन्न शब्दांची एक नोंद होते. पहिली चूक सूची चाळताना डोळ्यांस दिसते, दुसरी दिसत नाही. म्हणून दुसरी अधिक घातक होय.

योग्य क्रम असा की, ‘र’, हलन्त व योजक ही तिन्ही सलग आढळतील तेथे प्रथम ‘ऱ’ आणि हलन्त घालावेत, व मग एनएफसी करावे.

```
s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
s = unicodedata.normalize("NFC", s)
```

एवढे झाल्यावर इतरत्र उरलेले योजक शोधापुरते गाळण्यास हरकत नाही. कारण ‘क्‍ष’ आणि ‘क्ष’ यांत योजकाने केवळ जोडाक्षराचे रूप बदलते, अर्थ बदलत नाही. क्रम उलटला, तर मात्र वरील अनर्थ पुन्हा ओढवतो.

या उपायालाही मर्यादा आहे. ज्या संहितेतून योजक पूर्वीच गळून गेले आहेत, तेथे ‘आचार्यांना’ हे मूळचे की बिघडलेले, हे संकेतांवरून ठरविता येत नाही. संदर्भच पाहावा लागतो. म्हणून मूळ टंकित प्रत अविकृत ठेवून संस्कारित प्रत शोधासाठी निराळी करावी. कोणत्याही संग्रहाची परीक्षा करताना त्यात U+200D किती वेळा येतो, आणि त्यापूर्वी ‘र्’ किती वेळा आहे, हे आधी मोजावे. दुसरी संख्या शून्य असेल आणि ‘ऱ्य’ क्वचितच आढळत असेल, तर त्या संग्रहावरील वारंवारतेचे निष्कर्ष ग्राह्य धरण्यापूर्वी थांबणे इष्ट.