आठ पूर्णांक नऊ कशाचे? एका टाइप केलेल्या रिपोर्टची तपासणी

परवा माझ्या हातात एक पान आलं. आमच्या लॅबमध्ये कुणी असं पान दाखवलं असतं तर गाईडनी ते तिथेच परत केलं असतं. म्हणून त्याची जरा नीट चिकित्सा करतो. रिसर्चला जाणाऱ्यांना डेटा उतरवून घ्यायचं काम पहिल्याच महिन्यात मिळतं, आणि तिथे नेमक्या याच चुका होतात.

माझा मामेभाऊ चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. सहा महिने ट्रेनिंगसाठी जर्मनीत, सॅक्सनी राज्यात होता. तिथे थकवा वाटला म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. त्याने रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढला आणि कागद तिथेच राहिला. परत आल्यावर फिटनेससाठी इंग्रजी रिपोर्ट हवा होता. चिंचवडमधल्या एका टायपिंगवाल्याने फोटोवरून स्वच्छ, रेघा मारलेला तक्ता करून दिला. त्यात लिहिलं होतं: हिमोग्लोबिन ८.९ ग्रॅम प्रति डेसीलिटर, नॉर्मल १३ ते १७. झालं! फिटनेस अडला, मामीने बीट आणि खजुराचा मारा सुरू केला, आणि शेजारच्यांनी लोहाच्या गोळ्या आणून दिल्या.

मूळ फोटोत ओळ अशी आहे:

```
Hämoglobin    8,9   mmol/l   8,7 - 10,9
Hämatokrit    0,43  l/l      0,40 - 0,53
Erythrozyten  4,9   Tpt/l    4,5 - 5,9
Leukozyten    6,8   Gpt/l    4,0 - 10,0
ALAT          0,58  µkat/l   < 0,83
```

आकडा तोच आहे. स्वल्पविरामाच्या जागी टिंब आलं, तेही बरोबर, कारण जर्मन लोक दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविरामच वापरतात. घोटाळा एककात आहे. सॅक्सनी पूर्वीच्या पूर्व जर्मनीत होतं. तिथल्या लॅबमध्ये हिमोग्लोबिन अजूनही बऱ्याचदा मिलिमोल प्रति लिटरमध्ये देतात, पश्चिमेकडे मात्र आपल्यासारखं ग्रॅम प्रति डेसीलिटर चालतं. टायपिंगवाल्याने अनोळखी एकक बघितलं आणि ओळखीचं लिहिलं. मग शेजारची ८.७ ते १०.९ ही रेंज त्याला विचित्र वाटली असणार, म्हणून तीही बदलून आपल्याकडची घातली. माझ्या मते खरा अपराध हा दुसरा आहे. नुसतं एकक चुकलं असतं तर ८.९ हा आकडा ८.७ ते १०.९ च्या आत बसतो हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. रेंज बदलल्यामुळे चूक पकडायचा शेवटचा धागाही गेला.

आता रूपांतर करून बघू. मिलिमोलला १.६११ ने गुणलं की ग्रॅम प्रति डेसीलिटर मिळतात. ८.९ चे झाले १४.३. अगदी ठणठणीत. इथे बायोकेमिस्ट्रीवाल्यांसाठी एक सापळा आहे. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो आणि त्याचं रेणुभार साधारण ६४,५०० असतं. पुस्तकातला तो आकडा घेऊन हिशेब केला तर उत्तर येतं ५७ ग्रॅम, आणि असा माणूस जगात नाही. रिपोर्टमधला मोल हा एका साखळीचा, म्हणजे एका लोह अणूचा धरलेला असतो आणि त्याचं भार साधारण १६,११४. म्हणजे एककाचं नाव कळलं तरी ते कशाचं मोल आहे हे कळायलाच हवं.

पण समजा मूळ फोटो हरवला आणि फक्त टाइप केलेलं पान उरलं. तरीही चूक सापडली असती. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेला भाग, टायपिंगवाल्याने ४३ टक्के असा बरोबर उतरवला होता. निरोगी पेशींत हिमोग्लोबिनची तिप्पट केली की साधारण हेमॅटोक्रिट येतं. १४.३ ची तिप्पट ४३, एकदम जमलं. ८.९ ची तिप्पट २७ सुद्धा होत नाही. लोहाची कमतरता असली की हा ठोकताळा ढळतो, हे खरं. पण ८.९ ला ०.४३ ने भागा: २०.७ ग्रॅम प्रति डेसीलिटर पेशी. नॉर्मल ३२ ते ३६ च्या आसपास असतं आणि अशक्तपणा बराच वाढला तरी ते सहसा इतकं खाली जात नाही. त्या पानातले दोन आकडेच एकमेकांना खोटं ठरवत होते, फक्त विचारायला कुणी नव्हतं.

दुसरी चूक मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यावर कुणी ओरडलं नाही. टाइप केलेल्या पानावर पांढऱ्या पेशींची ओळच नाही. त्याऐवजी लिहिलंय: एसजीपीटी ६.८ युनिट प्रति लिटर. हे आलं कुठून? फोटोत पान थोडं तिरकं आहे, ओळी उजवीकडे वर चढतात, आणि तिथे Gpt/l असं दिसतं. आपल्याकडे जीपीटी म्हटलं की लिव्हरची टेस्ट. पण हे टेस्टचं नाव नाही, एकक आहे: गिगापार्टिकल प्रति लिटर, म्हणजे लिटरमागे अब्जांत मोजलेले कण. ६.८ म्हणजे आपल्या भाषेत ६,८०० पेशी प्रति घनमिलिमीटर. लिव्हरची खरी ओळ खाली आहे, ALAT नावाने, आणि तीसुद्धा टाइप करताना µ चा m होऊन "mkat" झाली. मायक्रोचं मिली झालं की आकडा एकदम हजारपट होतो!

यावेळी ALAT नॉर्मल होतं म्हणून निभावलं. समजा ते ३ असतं. रेंजच्या साडेतीनपट. तरी पानावर वरच्या ओळीत एसजीपीटी ६.८ आरामात बसलेलं, आणि डॉक्टर पुढे गेले असते. घाबरवणारी चूक कुणीतरी तपासतं, दिलासा देणारी चूक फाइलमध्ये जाते.

टायपिंगवाल्याच्या बाजूनेही बोलायला हवं. नाव, जन्मतारीख, सॅम्पलची तारीख, उपाशीपोटी घेतलेलं रक्त हे सगळं त्याने बिनचूक भाषांतर केलंय, आणि भाषांतर करायचं तेवढंच होतं. Leukozyten हा शब्दही जसाच्या तसा ठेवून बाजूला "पांढऱ्या पेशी" लिहायचं होतं. एकक आणि रेंज मूळची, आपलं रूपांतर वेगळ्या रकान्यात, आणि वर स्पष्ट लिहायचं की हा रकाना लॅबने दिलेला नाही. रेंज त्या लॅबच्या पद्धतीची, वयाची, लिंगाची असते, तिला आपल्या गल्लीतल्या लॅबची रेंज चिकटवली की रिपोर्ट दोन लॅबचा होतो.

मी रविवारी बसून पान नव्याने केलं. फोटो सरळ फिरवला, प्रत्येक ओळीवर पट्टी ठेवून डावीकडून उजवीकडे वाचलं, मग मामेभावाला उलट्या क्रमाने वाचायला लावलं. हिमोग्लोबिनसमोर वेगळ्या रकान्यात १४.३ लिहिलं. ALAT ला ६० ने गुणून ३५ युनिट येतात, मर्यादा ५० च्या जवळ. गुणाकार सोपा आहे. पण एन्झाइमचा आकडा कोणत्या पद्धतीने मोजलाय त्यावर बदलतो आणि पद्धतीची तळटीप फोटोतल्या घडीत गेली होती. म्हणून तो रकाना मी रिकामा ठेवला आणि तिथे "पद्धत फोटोत दिसत नाही" एवढंच लिहिलं. कंपनीच्या डॉक्टरांनी मूळ फोटोसोबत पान घेतलं आणि हिमोग्लोबिन इथल्या लॅबमध्ये पुन्हा करून आणायला सांगितलं. आलं १४.१. लोहाच्या गोळ्या शेजाऱ्यांना परत गेल्या, खजूर मात्र मामी अजून देते.