तीन पावले आणि दोन परंपरा: वेद व पुराणे यांतील अंतर

वेद म्हणजे विधी आणि पुराणे म्हणजे कथा, ही ढोबळ विभागणी अपुरी आहे, कारण वैदिक वाङ्मयातही कथा आहेत आणि पुराणांतही विधी आहेत. खरा फरक त्या मजकुराकडून काय साधायचे आहे यात असून विष्णूच्या तीन पावलांच्या प्रसंगावरून तो स्पष्ट होतो.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १५४ व्या सूक्तात केवळ सहा ऋचा आहेत. विष्णूने तीन पावलांत विश्व व्यापले, याची तेथे स्तुती आहे. पण बळीचे किंवा वामनाचे नाव नाही, आणि घटना क्रमाने सांगितलेलीही नाही. सूक्त म्हणजे देवतेला उद्देशून रचलेला मंत्रसमूह. अशा मंत्रांचा यज्ञात विनियोग, म्हणजे ठरलेल्या कर्मात उपयोग होत असे. वेद ‘श्रुती’, म्हणजे ऐकून राखलेले आणि मानवनिर्मित नसलेले वचन मानले गेल्याने अर्थाइतकेच स्वर आणि शब्दक्रम महत्त्वाचे ठरले.

‘ब्राह्मण’ या यज्ञविवरणपर ग्रंथप्रकारातील शतपथ ब्राह्मणात विष्णू वामनरूपात दिसतो. तो आडवा होऊन जेवढी जागा व्यापेल तेवढी देण्यास असुर तयार होतात आणि यज्ञरूप विष्णूच्या आधारे देव सारी पृथ्वी मिळवतात. कथा येथे आली, तरी तिचे काम यज्ञातील वेदीचा अर्थ सांगणे एवढेच आहे.

भागवत पुराणाच्या आठव्या स्कंधात मात्र त्याच प्रसंगाला पात्रे आणि नैतिक पेच लाभतात. गुरू शुक्राचार्यांनी सावध करूनही बळी दिलेला शब्द मोडत नाही, तिसऱ्या पावलासाठी स्वतःचे मस्तक पुढे करतो, सुतललोकात जातो आणि पुढच्या एका मन्वंतरात, म्हणजे एका मनूच्या कालखंडात, इंद्रपद मिळण्याचे आश्वासन त्याला मिळते. यज्ञाचे स्पष्टीकरण मागे पडून दान, सत्य आणि भक्ती यांची शिकवण पुढे येते.

सृष्टी, प्रलयानंतरची पुनर्निर्मिती, वंश, मन्वंतरे आणि राजवंशांची चरिते ही पुराणांची परंपरागत पाच लक्षणे होत; परंतु उपलब्ध पुराणांत व्रते, तीर्थे आणि दानविधी यांनाही मोठी जागा असल्याने केवळ या लक्षणांवरून त्यांचे स्वरूप कळत नाही. पुराणे ‘स्मृती’ परंपरेत मोडतात. सभेत ऐकवल्या जाणाऱ्या या ग्रंथांचे श्रोते वेदाध्ययनाचा अधिकार नाकारलेल्या स्त्रिया आणि शूद्रही होते, आणि स्थळकाळानुसार त्यांत भर पडत गेली. म्हणूनच एका पुराणाला एकच निर्मितिकाळ देणे अवघड जाते.

तरीही पुराणांनी वेदांचे प्रामाण्य नाकारले नाही. वेदार्थाचा विस्तार करणारे म्हणूनच त्यांनी स्वतःची ओळख दिली. मात्र त्या विस्तारात धर्माचरणाचे केंद्र यज्ञवेदीकडून व्रत, तीर्थ आणि भक्तीकडे सरकले. महाराष्ट्रात बलिप्रतिपदेला घरोघरी स्मरला जाणारा बळी या बदलाची साक्ष देतो: ऋग्वेदाच्या त्या सूक्तात त्याला स्थान नाही, लोकांच्या सणात मात्र ते पक्के आहे.